उकळतच राहणारी किटली

पाणी खळखळून उकळतंय, झाकणाखालून वाफ येतेय, तरी किटलीचं बटण खटकन वर येत नाही. अशा वेळी बहुतेकजण ‘थर्मोस्टॅट गेला’ म्हणून मोकळे होतात. पण आधी वाफेची वाट तपासावी.

किटली बंद होते ती वाफेमुळे. भांड्यात वरच्या बाजूला, बहुधा मुठीजवळ, एक छोटं भोक असतं. तिथून वाफ नळीतून बटणाजवळच्या धातूच्या चकतीपर्यंत जाते. ही चकती दोन धातूंची असते. वाफेने तापली की ती टचकन उलटी वाकते आणि बटण पाडते. झाकण उघडं असेल तर वाफ वरूनच निघून जाते आणि चकती थंड राहते. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार भोकात साचला, तरी तेच होतं.

म्हणून प्लग काढून, किटली गार झाल्यावर भोक नीट बघा. क्षार दिसला तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून उकळा, अर्धा तास ठेवा, भोकाभोवती ओल्या ब्रशने घासा. मग अर्धी किटली पाणी भरून, झाकण लावून, समोर उभं राहून पाहा.

भोक मोकळं असूनही बटण पडत नसेल, तर चकती थकली आहे. आणि बटण हाताने बंद करूनही पाणी तापतच असेल, तर आतले संपर्कबिंदू वितळून चिकटलेत. ती किटली पुन्हा लावू नका. तळाशी कोरड्या भांड्यासाठी वेगळा कटआउट असतो, पण तो पाणी पूर्ण आटल्यावरच तोडतो. रोजच्या वापरात त्याच्यावर विसंबणं धोक्याचं आहे.