निर्दोष सुटलेलं पुस्तक दुकानात का नसतं?

१९२४ साली लाहोरच्या राजपाल नावाच्या प्रकाशकाने ‘रंगीला रसूल’ ही छोटी पुस्तिका छापली. लेखकाचं नाव त्यावर नव्हतं. प्रेषित महंमदांच्या वैवाहिक आयुष्याची त्यात टर उडवलेली होती. मुस्लिम समाजात संताप उसळला आणि राजपालवर भारतीय दंडविधानाच्या १५३-अ कलमाखाली खटला भरला गेला. दोन समाजांमध्ये शत्रुत्व पसरवणं हा या कलमाखालचा गुन्हा. खालच्या कोर्टाने राजपालला शिक्षा दिली. मात्र १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्याला सोडून दिलं.

पुस्तिका चांगली आहे, असं काही न्यायमूर्तींचं मत नव्हतं. ती हीन अभिरुचीची आहे हे त्यांना मान्यच होतं. पण त्यांचं म्हणणं असं, की १५३-अ हे कलम आज हयात असलेल्या माणसांच्या समाजावरचा हल्ला रोखण्यासाठी आहे. शतकांपूर्वी होऊन गेलेल्या धर्मपुरुषावरची टीका, मग ती कितीही ओंगळ असो, त्यात बसत नाही. ती बसवली, तर एखाद्या धर्मसंस्थापकाच्या चरित्राची गंभीरपणे चिकित्सा करणारा इतिहासकारही उद्या त्याच पिंजऱ्यात उभा राहील.

धर्माविषयीच्या बोलण्यावर बंधन घालणाऱ्या कायद्यांच्या दोन जाती असतात, आणि त्यांतला फरक या निकालात नेमका सापडतो. धर्मनिंदेचा कायदा देवाला, प्रेषिताला, ग्रंथाला संरक्षण देतो. द्वेषमूलक वक्तव्याविरुद्धचा कायदा माणसांना संरक्षण देतो. ‘अमुक ग्रंथातली अमुक कथा मागाहून घुसडलेली आहे’ हे विधान पहिल्या कायद्यात अडकू शकतं, दुसऱ्यात नाही. ‘त्या धर्माच्या लोकांना गावातून हाकला’ हे मात्र दुसऱ्या कायद्यात अडकतं, मग त्यात देवाचं नाव असो वा नसो. संशोधकाचं काम जवळजवळ सगळं पहिल्या प्रकारच्या विधानांचं असतं.

निकालाविरुद्ध मोर्चे निघाले, सभा झाल्या. त्याच वर्षी केंद्रीय कायदेमंडळाने दंडविधानात २९५-अ हे नवं कलम घातलं: एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा श्रद्धांचा अपमान, त्यांच्या भावना दुखावण्याच्या बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केला, तर शिक्षा. यातलं ‘बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू’ फार महत्त्वाचं. कायदेमंडळातल्या चर्चेत जिनांनीच बजावलं होतं, की इतिहास लिहिणारे, सत्य शोधणारे आणि प्रामाणिकपणे टीका करणारे यांना संरक्षण मिळालंच पाहिजे. राजपालला या कलमाचा ना फायदा झाला ना तोटा. १९२९ मध्ये त्याच्या दुकानातच त्याचा खून झाला.

म्हणजे आपलं २९५-अ हे मिश्र वाणाचं कलम आहे. त्यात संरक्षण श्रद्धेला आहे, म्हणून ते धर्मनिंदेच्या कायद्यासारखं दिसतं. पण अट हेतूची आहे, आणि ती द्वेषविरोधी कायद्याची. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं, ते याच अटीच्या बळावर. नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान गुन्हा नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९९ क्रमांकाने बसलं आहे आणि १५३-अ झालं आहे १९६.

ही अट काढून टाकली तर काय होतं, ते फाळणीनंतर शेजारी दिसलं. पाकिस्तानला हेच दंडविधान वारशाने मिळालं. १९८६ मध्ये तिथे २९५-क आलं: प्रेषितांच्या नावाचा अवमान, थेट असो वा आडून, अगदी सूचक शब्दांतही; शिक्षा मृत्युदंड. हेतूचा त्यात उल्लेखच नाही. मुलतानच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या जुनैद हाफिज यांना २०१३ मध्ये या आरोपाखाली अटक झाली. त्यांचं वकीलपत्र घेणाऱ्या रशीद रहमान यांना २०१४ मध्ये त्यांच्या कार्यालयात गोळ्या घातल्या गेल्या. २०१९ मध्ये हाफिज यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. अशा ठिकाणी वर्गात एखादी शंका विचारणंसुद्धा जोखमीचं होतं, कारण बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं हे विचारायला कायदा बांधीलच नाही.

ब्रिटन उलट दिशेने गेलं. तिथला जुना धर्मनिंदेचा कायदा फक्त ख्रिस्ती धर्माचं रक्षण करी. ‘सॅटॅनिक व्हर्सेस’विरुद्ध तक्रार घेऊन गेलेल्यांना न्यायालयाने तेच सांगितलं. २००६ मध्ये धार्मिक द्वेषाविरुद्ध कायदा आला. सरकारला त्यात शिवीगाळ, अपमान हेही हवं होतं, पण संसदेत एका मताने सरकार हरलं. धमकीचे शब्द आणि द्वेष भडकवण्याचा हेतू, दोन्ही असतील तरच गुन्हा, असं ठरलं. वर धर्माची चर्चा, टीका, टिंगल, अपमानसुद्धा या कायद्याच्या बाहेर, असं कलमच घातलं गेलं. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये धर्मनिंदेचा गुन्हा रद्द झाला.

कागदावर पाहिलं तर आपण या दोघांच्या मधे आहोत, आणि हेतूची अट असल्यामुळे अभ्यासक सुरक्षित असायला हवेत. तसं होत नाही, कारण हेतू तपासला जातो तो अगदी शेवटी. २९५-अ दखलपात्र आणि अजामीनपात्र. सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय खटला सुरू करू शकत नाही हे खरं, पण ही मंजुरी खटल्याच्या दारात लागते. गुन्हा नोंदवायला, चौकशीला, अटकेला ती लागत नाही. ‘दुष्ट हेतू होता का?’ हा प्रश्न न्यायाधीशासमोर येईपर्यंत वर्षं गेलेली असतात.

महाराष्ट्राने हे अगदी जवळून पाहिलं आहे. जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक २००३ मध्ये आलं. त्यातल्या एका मजकुराने लोक संतापले, आणि प्रकाशकाने त्याच वर्षी पुस्तक मागे घेतलं. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. लेखकाने संस्थेतल्या अभ्यासकांचे आभार मानले होते, एवढाच तिचा संबंध. त्यानंतर १५३-अ खाली गुन्हा दाखल झाला, सरकारने बंदीही घातली. सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला २००७ मध्ये, कारण शत्रुत्व पसरवण्याचा हेतू दिसत नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी बंदी उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. मजकूर बरा की वाईट, हा प्रश्न वेगळा. कायद्याचं उत्तर मिळायला सहा वर्षं लागली, आणि तोवर पुस्तक बाजारातून केव्हाच गेलेलं होतं.

वेंडी डोनिगर यांच्या ‘द हिंदूज’बाबत तर उत्तर मिळालंच नाही. दिल्लीच्या न्यायालयात वाद चालू असताना २०१४ मध्ये प्रकाशकाने तडजोड केली आणि उरलेल्या प्रतींचा लगदा करण्याचं मान्य केलं. पुस्तक दोषी की निर्दोष, हे कोणत्याही न्यायाधीशाने सांगितलं नाही.

प्रकाशकाचा वकील हस्तलिखित वाचतो तेव्हा ‘आपण जिंकू का?’ एवढाच प्रश्न त्याच्यापुढे नसतो. ‘जिंकेपर्यंत किती वर्षं आणि किती पैसे?’ हाही असतो. कात्री तिथेच चालते, आणि ती वाचकाला कधी दिसत नाही. द्वेष पसरवणाऱ्याला रोखायला कायदा हवाच. पण १९२७ साली अभ्यासकासाठी घातलेली हेतूची अट त्याला वाचवणारी ठरायची असेल, तर ती मंजुरीच्या पायरीवर, गुन्हा नोंदवण्याआधी तपासली गेली पाहिजे. नाहीतर दलीप सिंगांना वाटलेली भीती खरी ठरते: इतिहासकार पिंजऱ्यातून सुटतो, पण त्याचं पुस्तक दुकानात परत येत नाही.