पेटीत पाणी येते कोठून?

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याने पिरनवाडी ओलांडली की दोन्ही अंगांस शेते लागतात, आणि विहिरीच्या वा बोअरच्या कडेला खांबावर बसविलेली एक पेटी हमखास दृष्टीस पडते. पूर्वी या पेटीत साधा स्टार्टर असे. आता तीत मोटर आपोआप चालू-बंद करणारा, फेज गेल्यास मोटर थांबविणारा आणि मोबाइलवरून हुकूम घेणारा नियंत्रक बसलेला असतो. जाड लोखंडी स्टार्टरने जे सोसले ते या नाजूक पट्टीला सोसवत नाही. म्हणून यंत्र कोणते घ्यावे याच्या बरोबरीने, ते कोणत्या पेटीत ठेवावे, हाही प्रश्न विचारावा लागतो. त्याच प्रश्नाचा उलगडा आम्ही येथे करणार आहोत.

दुकानात पेटी घेताना तिच्यावर 'आयपी' ही अक्षरे व पुढे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा धूळ व घन वस्तू यांच्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा. ६५ म्हणजे धूळ मुळीच आत जात नाही आणि नळीने सोडलेल्या पाण्याच्या धारेनेही अपाय होत नाही. ६७ म्हणजे पेटी एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली तरी चालते. हे वाचून पुष्कळांस वाटते की, आकडा जितका मोठा तितकी पेटी सुरक्षित. परंतु बुडविण्याची ती परीक्षा घेताना पाणी आणि पेटी यांच्या तापमानात पाच अंशांहून अधिक फरक नसावा, असा नियम आहे. आमच्या भागात तर ऊन आणि पाऊस एकाच तासात येऊन जातात! परीक्षागृहात उत्तीर्ण झालेली पेटी शेतात का हरते, याचे कारण या फरकात आहे.

एक उदाहरण घेऊ. पेटी चाळीस सेंटिमीटर उंच, तीस रुंद व वीस खोल आहे. म्हणजे तिच्यात चोवीस लिटर हवा मावते. पावसाळ्यात उघडीप पडली व ऊन आले की बंद पेटीतील हवा सहज ५० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा प्रसरण पावते आणि थोडी बाहेर निसटते. तोच सर येते आणि पेटी २५ अंशांवर उतरते. आतली हवा आकुंचन पावते व तिची जागा भरण्यासाठी जवळजवळ दोन लिटर हवा बाहेरून आत ओढली जाते. पेटी जणू श्वास घेते. सर्व फटी घट्ट बंद असतील तर आत पाऊण मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतके शोषण निर्माण होते. त्या वेळी झाकणाच्या रबरी वळीभोवती आणि केबलच्या बुचाभोवती पावसाचे पाणी साचलेले असते. रबर थोडे दबलेले असले, एखादा स्क्रू सैल असला, की हवेऐवजी पाणीच आत खेचले जाते. झाकणाला छिद्र नसताना आत चमचाभर पाणी सापडते, त्याचे गूढ हेच.

दुसरी वाट दवाची. २८ अंशांच्या हवेत घनमीटरामागे सुमारे सत्तावीस ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांच्या हवेत सतराच. दुपारी पेटी दमट हवेने भरली आणि रात्री गार झाली तर न मावणारे बाष्प थेंब होऊन बाहेर पडते. आमच्या चोवीस लिटरच्या पेटीत ते जेमतेम पाच थेंब होतील. पाच थेंबांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु हे थेंब सर्वांत गार पृष्ठावर, म्हणजे बहुधा पेटीच्या छतावर व झाकणावर जमतात, तेथून खाली नियंत्रकाच्या पट्टीवर गळतात, आणि तांब्याच्या बारीक रेषांमध्ये विजेला नको ती वाट करून देतात. दुसऱ्या दिवशी पेटी तापते तेव्हा त्यातली काही वाफ बाहेर जाते, काही आतच राहते. असे चार महिने रोज चालले म्हणजे टर्मिनलवर हिरवट थर चढतो.

यावरून उपायाची दिशा स्पष्ट होते. पेटी अधिकाधिक घट्ट बंद करणे हा उपाय नव्हे. तिला श्वास घेऊ द्यावा, पण पाणी पिऊ देऊ नये. त्यासाठी आज श्वासबूच मिळते. त्यातील पातळ पडद्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की हवा व वाफ सहज जाते, मात्र पाण्याचा थेंब अडतो. ते पेटीच्या तळाशी किंवा बाजूस खालच्या अंगास बसवावे. श्वासबूच मिळत नसेल तर तळाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात पाच मिलिमीटरचे एक छिद्र ठेवावे व त्यावर बारीक जाळी लावावी. छिद्र पाडले की पेटीचा आयपी आकडा उरत नाही, हे खरे. तरी साचलेले पाणी निघून जाणे अधिक मोलाचे आहे. छिद्र तळाशीच हवे, छतात कदापि नको.

याहून स्वस्त आणि तितकाच गुणकारी उपाय म्हणजे सावली. भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे हजार वॉट ऊन पडते. आमच्या पेटीचे तोंड चौरस मीटरच्या आठव्या भागाइतके; ते काळ्या रंगाचे असून उन्हास सन्मुख असेल तर शंभर वॉटच्या आसपास उष्णता शोषते. नियंत्रक स्वतः दहा वॉटही उष्णता देत नाही. अर्थात पेटी तापते ती यंत्रामुळे नव्हे, उन्हामुळे. पेटीच्या वर चार बोटे अंतर सोडून पत्र्याचे छप्पर घातले, तोंड उत्तरेस केले आणि रंग फिकट निवडला, तर तापण्या-निवण्याचा फेरा लहान होतो व श्वासही लहान होतो. पावसाची थेट धारही चुकते. नियंत्रकाची दहा वॉटची उष्णता मात्र दवाच्या कामी उपयोगी पडते. ती पेटीतील हवा बाहेरच्याहून तीन-चार अंश उबदार ठेवते आणि तेवढ्याने आर्द्रता शंभरावरून ऐंशीच्या घरात येते. म्हणून पावसाळ्यात नियंत्रकाचा पुरवठा रात्री बंद करू नये. मोटरचा वेग बदलणारे मोठे यंत्र असेल तर गोष्ट निराळी. ते दीड-दोनशे वॉट उष्णता देते आणि बंद पेटीत बाहेरच्याहून पन्नास अंश अधिक तापते. त्याला झडपा व जाळी असलेली मोठी पेटीच हवी.

आता केबलच्या बुचाकडे, म्हणजे ग्लँडकडे वळू. ग्लँडमधील रबर केबलभोवती सर्व बाजूंनी सारखे दाबले गेले तरच पाणी अडते. म्हणून केबलची जाडी मोजून त्याच मापाचे ग्लँड घ्यावे, आणि एका ग्लँडमधून दोन केबली कधीही नेऊ नयेत. दोहोंमधली फट कितीही आवळली तरी बुजत नाही. आमच्याकडे आणखी एक विशेष अडचण आहे. बोअरच्या मोटरची केबल चपटी असते, आणि गोल ग्लँडमध्ये तिच्या दोन्ही कडांना पोकळी राहते. त्यासाठी चपट्या छिद्राचे रबर असलेले ग्लँड मागावे. न मिळाल्यास वेगळ्या लहान पेटीत जोड देऊन पुढे गोल केबल आणावी. सर्व केबली तळातूनच आत घ्याव्यात आणि पेटीच्या खाली त्यांना झोका द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडते. विहिरीतून पाईपमधून केबल येत असेल तर पाईपचे वरचे तोंडही बुजवावे. नाहीतर विहिरीतील दमट हवा त्याच वाटेने पेटीत येते. न वापरलेल्या छिद्रांस बूच लावावे.

राहिले किडे. उबदार, कोरडी आणि अंधारी पेटी त्यांना घरासारखी वाटते. मुंग्या कॉन्टॅक्टरच्या बिंदूंमध्ये शिरतात, तेथे चिरडल्या जातात, आणि बिंदू नीट न टेकल्यामुळे मोटर गुरगुरते वा एक फेज तुटते. पाल दोन टर्मिनलांवर एकदम पाय ठेवते तेव्हा ती मरते आणि फ्यूजही उडतो. कुंभारीण माशी मातीचे घरटे करून छिद्रच बुजविते; मग पाण्याची वाट बंद. जाळी अर्धा मिलिमीटर छिद्रांची व स्टेनलेस स्टीलची असावी; मच्छरदाणीच्या जाळीतून बारीक मुंग्या सहज जातात. जाळी मे महिन्यात एकदा घासून स्वच्छ करावी, कारण धुळीने बुजलेली जाळी असून नसल्यासारखीच.

पेटी धातूची की प्लास्टिकची? धातूची पेटी मजबूत असते, पण ग्लँडसाठी पाडलेल्या छिद्रांच्या कडांपासून गंज धरते. ती भूमीशी जोडणेही अनिवार्य आहे. शिवाय तीत मोबाइलची लहर शिरत नाही, म्हणून अँटेना बाहेर काढावी लागते, आणि आणखी एक छिद्र वाढते. मोबाइलवर चालणाऱ्या नियंत्रकास पॉलिकार्बोनेटची पेटी अधिक सोयीची. मात्र ती उन्हास टिकणाऱ्या जातीची आहे याची खात्री करून घ्यावी, अन्यथा काही वर्षांत ती ठिसूळ होते.

पेटीत पाणी सापडलेच, तर ते कोठून आले हे खुणांवरून ओळखता येते. छतावर व झाकणाच्या आतल्या बाजूस सर्वत्र थेंब असतील तर ते दव. एकाच ग्लँडपासून खाली ओघळ गेला असेल तर तो गळका ग्लँड. एकाच तारेचे टोक हिरवे पडले असेल तर पाणी त्या केबलच्या आवरणाच्या आतून, तारांमधून सरकत आले आहे, आणि दोष केबलच्या दुसऱ्या टोकाशी शोधावा. शंका राहिल्यास तळाशी, टर्मिनलांपासून दूर, वर्तमानपत्राचा तुकडा घट्ट चिकटवून ठेवावा आणि दोन सरी झाल्यावर पाहावा. ओला डाग कोठे पडला ते तो सांगतो. पेटीत चारशे पंधरा व्होल्टचा प्रवाह असतो. म्हणून तुकडा ठेवताना असो वा काढताना, खांबावरील मुख्य स्विच खाली ओढून आणि टेस्टरने तपासूनच जाणत्या माणसाने झाकण उघडावे. आमच्या विद्यार्थ्यांनी शेजारी उभे राहून केवळ डाग वाचावा. कारण कळण्यास तेवढे पुरे आहे.