चेहरा रस्त्यावरचा, नाव घरचे

गिरीजच्या हिराडोंगरीवर दत्तजयंतीच्या संध्याकाळी कोणी दर्शनाच्या रांगेचे छायाचित्र काढले, तर त्यास हरकत घ्यावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जागा सार्वजनिक, प्रसंग सार्वजनिक, आणि रांगेतल्या एखाद्या बाईला शेकडो माणसांनी तसेही पाहिलेलेच असते. परंतु ज्यांनी तिला ओळखले त्यांना बहुधा तीही ओळखत होती, आणि ज्यांनी ओळखले नाही ते डोंगरी उतरेपर्यंत तिचा चेहरा विसरूनही गेले. मनुष्याच्या स्मरणशक्तीचा हा दुबळेपणाच आजवर गर्दीतल्या माणसाचा रखवालदार होता, आणि त्याच्या नेमणुकीसाठी कोणत्याही सरकारास हुकूम काढावा लागला नव्हता.

आता तेच छायाचित्र यंत्राच्या हाती द्या. साध्या मोबाईलचे चित्र आडवे सुमारे ४००० बिंदूंचे असते. त्यात दहा मीटर रुंदीची रांग मावली असेल, तर एका मीटरच्या वाट्यास ४०० बिंदू येतात. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सुमारे सहा सेंटिमीटर, म्हणजे चित्रात ते जेमतेम पंचवीस बिंदूंचे भरते. एवढ्यावर यंत्र अडखळते. छायाचित्रकार चार पावले पुढे आला आणि चौकटीत पाचच मीटर रांग राहिली, की तेच अंतर पन्नास बिंदूंचे होते आणि काम पुष्कळ सोपे होते. मग यंत्र चेहरा सरळ करून घेते व त्याचे रूपांतर आकड्यांच्या एका मालिकेत करते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली मांडलेल्या पद्धतीत ही मालिका १२८ आकड्यांची होती. एकाच माणसाच्या दोन चित्रांच्या मालिका परस्परांस जवळ पडाव्यात आणि भिन्न माणसांच्या दूर, एवढीच तिची करामत.

या आकड्यांत नाव कोठेही नसते. ते येते दुसऱ्याच दफ्तरातून: महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे चित्र, कचेरीच्या संकेतस्थळावरील कर्मचाऱ्यांची यादी, मावसबहिणीने नावासकट चढवलेला लग्नाचा अल्बम. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात अलेस्सांद्रो अक्विस्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जोडणी २०११ सालीच करून दाखवली. आवारातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांची, त्यांच्या संमतीने, साधी छायाचित्रे घेऊन ती फेसबुकवरील चित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा सुमारे तिघांपैकी एकाची ओळख पटली. आणि तेथून पुढे काहींच्या आवडीनिवडी व सरकारी ओळखक्रमांकाचा काही भागही अनुमानाने हाती आला. माझ्या मते आगळीक घडते ती येथे. रांगेतील चित्राने फक्त एक संध्याकाळ सांगितली होती. नाव लागताच ती संध्याकाळ बाईच्या नोकरीशी, घराच्या पत्त्याशी आणि तिने निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या लोकांना दाखवलेल्या सगळ्या आयुष्याशी बांधली जाते, तेही अशा माणसाच्या हाती, ज्याचे नाव तिला कधीच कळणार नाही.

शिवाय ओळख चुकीची निघण्याचा संभव आहेच, आणि तो दफ्तराबरोबर वाढतो. दहा लाख तुलनांत एकदाच चुकणारे यंत्र घेतले, तरी एक कोटी चेहऱ्यांच्या दफ्तरात ते सरासरीने दहा परक्या माणसांना ‘हीच ती’ म्हणून पुढे करील, मग ती बाई मुळात त्या दफ्तरात नसली तरीही. यंत्र उत्तरे साम्याच्या क्रमाने मांडते. घाईचा वाचक पहिल्या ओळीतले नाव उचलतो. पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरातील साम्याचा फरक क्षुल्लक असेल, तर त्या पहिल्या नावावर विश्वास ठेवण्यास आधार नाही, हे पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

सार्वजनिक जागी उभे राहिल्यानेच खासगीपणाचा हक्क संपत नाही, असे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढील पुट्टस्वामी खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात नमूद आहे; हा हक्क जागेला नव्हे, व्यक्तीला चिकटलेला मानला आहे. २०२३ सालच्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याने मात्र दोन मोठ्या वाटा मोकळ्या ठेवल्या: व्यक्तीने स्वतःच्या घरगुती वा खासगी कामासाठी केलेला वापर, आणि ज्याची त्याने स्वतःहून जाहीर केलेली माहिती. मावसबहिणीने चढवलेला अल्बम या दुसऱ्या वाटेत बसत नाही. पण केवळ कुतूहलापोटी शोध घेणारा शेजारी पहिलीत आरामात बसेल.

गावात तर यंत्राचीही गरज पडत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अनोळखी क्रमांकावरून चित्र येते, खाली ‘ही कोण?’ एवढेच लिहिलेले असते, आणि दोन मिनिटांत कोणी उत्साही गृहस्थ नाव, आळी आणि सासर सांगून मोकळा होतो. असे चित्र आले, तर विचारणाऱ्याचे काम काय ते आधी विचारावे, आणि बाई ओळखीची असेल, तर ग्रुपवर उत्तर न देता तिलाच फोन करून कळवावे.