छोट्या वर्तुळाची मोठी किंमत

पणजीला मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर किंवा लास वेगासच्या हॉटेलांत, ब्लॅकजॅकचं टेबल साधारण सारखंच दिसतं. अर्धवर्तुळाकार टेबल, आतल्या बाजूला डीलर, बाहेरच्या बाजूला पाच-सात खेळाडू. प्रत्येकासमोर मुख्य पैज लावायचं वर्तुळ असतं आणि बऱ्याच टेबलांवर त्याला लागूनच आणखी एक लहान वर्तुळ असतं. तिथं ‘परफेक्ट पेअर्स’ अशी साइड बेट, म्हणजे जोडपैज, लावता येते. आपल्याला मिळालेली पहिली दोन पानं जोडीची निघाली तर सहापट, बारापट, अगदी पंचवीसपट बक्षीस. मोठ्या वर्तुळात पाचशे रुपये ठेवणारा खेळाडू छोट्या वर्तुळात सहज शंभर ठेवून देतो, आणि त्याला वाटतं की खरी जोखीम पाचशेवरच आहे. हिशोब केला तर उलटंच दिसतं.

त्यासाठी आधी मुख्य खेळाकडे पाहायला हवं. ब्लॅकजॅकमध्ये आपल्या पानांची बेरीज २१ च्या वर जाऊ न देता डीलरपेक्षा जास्त ठेवायची असते. कॅसिनोचा फायदा एका साध्या नियमातून येतो. खेळाडू आधी पानं घेतो, आणि त्याची बेरीज २१ च्या पुढे गेली की त्याचे पैसे लगेच जातात. पुढे डीलरचीही बेरीज फसली तरी ते परत मिळत नाहीत. मात्र या फायद्याची बरीच भरपाई खेळाडूला करून घेता येते. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान आलं तर चांगल्या टेबलावर शंभराला दीडशे मिळतात. बेरीज सोयीची असेल तर पैज दुप्पट करता येते, सारखी दोन पानं आली तर त्यांचे दोन डाव करता येतात, आणि डीलरचं उघडं पान कमकुवत असेल तर बारा-तेरावरही थांबता येतं. डीलरला यातली कोणतीच मुभा नसते. त्याला ठरलेल्या नियमानं सतरापर्यंत पानं ओढावीच लागतात.

कोणत्या वेळी काय करावं, याचं गणित रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेसेल आणि जेम्स मॅकडरमॉट या चार अमेरिकनांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून मांडलं आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध केलं. आज ते तक्त्याच्या रूपात कोणालाही पाठ करता येतं. नियम चांगले असतील आणि खेळाडू तो तक्ता तंतोतंत पाळत असेल, तर शंभर रुपयांच्या पैजेवर कॅसिनोला सरासरी सुमारे पन्नास पैसेच उरतात. या वाट्याला ‘हाउस एज’ म्हणतात. इथं तो सुमारे अर्धा टक्का आहे. अंदाजानं खेळणाऱ्याकडून कॅसिनोला यापेक्षा बरंच जास्त मिळतं, पण खेळ शिकलेल्या माणसाकडून मिळणारं उत्पन्न फारच थोडं. टेबलावर जोडपैजा ठेवण्यात कॅसिनोचा स्वार्थ आहे तो इथं.

आता परफेक्ट पेअर्स. जोडीचे तीन प्रकार असतात. दोन पानं एकाच किमतीची पण वेगळ्या रंगाची, म्हणजे बदामची राणी आणि इस्पिकची राणी, ही मिश्र जोडी. रंग एकच पण चिन्ह वेगळं, म्हणजे बदाम राणी आणि चौकट राणी, ही रंगजोडी. आणि दोन्ही बदाम राण्या असतील तर ती परफेक्ट जोडी. राजा आणि राणी दोघांची किंमत मुख्य खेळात दहाच असली, तरी इथं ती जोडी धरत नाहीत. पान हुबेहूब तेच हवं. एका प्रचलित दरपत्रकात मिश्र जोडीला सहापट, रंगजोडीला बारापट आणि परफेक्ट जोडीला पंचवीसपट मिळतात. दरपत्रक टेबलागणिक बदलतं, म्हणून पुढचा हिशोब कसा होतो ते समजून घेणं महत्त्वाचं.

समजा, डीलर पत्त्यांचे सहा कॅट एकत्र पिसून खेळवतो आहे. एकूण ३१२ पानं झाली. तुम्हाला पहिलं पान बदाम राणी आलं. उरली ३११. सहा कॅटांत बदाम राण्या सहा, त्यातली एक तुमच्या हातात, म्हणजे परफेक्ट जोडी करणारी पानं पाच. चौकट राण्या सहा, त्या रंगजोडी करतील. इस्पिक आणि किलवर राण्या मिळून बारा, त्या मिश्र जोडी करतील. बाकी २८८ पानांवर पैज हरली. पहिलं पान कोणतंही असो, हे आकडे तेच राहतात.

या ३११ पानांपैकी प्रत्येक एकेकदा आलं आणि दर वेळी शंभर रुपये लावले असं धरू. २८८ वेळा हरून २८,८०० रुपये गेले. मिश्र जोडीतून बारा वेळा सहाशे, म्हणजे ७,२०० मिळाले. रंगजोडीतून सहा वेळा बाराशे, पुन्हा ७,२००. परफेक्ट जोडीतून पाच वेळा अडीच हजार, म्हणजे १२,५००. एकूण मिळकत २६,९००. तूट १,९०० रुपयांची. ती ३११ पैजांवर वाटली की दर शंभर रुपयांमागे सहा रुपये अकरा पैसे होतात. मुख्य खेळातल्या पन्नास पैशांच्या हे बारा पट आहे.

तासाला सत्तर डाव होतात असं मानलं, तर पाचशेच्या मुख्य पैजेवर चांगल्या खेळाडूचे सरासरी १७५ रुपये जातात. शेजारच्या शंभराच्या जोडपैजेवर त्याच तासात सुमारे ४२८ रुपये जातात. पैज पाचवा हिस्सा आणि नुकसान जवळजवळ अडीचपट.

हा फरक पडण्याचं पहिलं कारण म्हणजे जोडपैजेत खेळाडूला करण्यासारखं काहीच नसतं. दुप्पट करणं नाही, थांबणं नाही, चुकीचा डाव टाळणं नाही. दुसरं पान पडलं की निकाल लागला. मुख्य खेळात कॅसिनोच्या वाट्यातला मोठा भाग निर्णयांच्या जोरावर परत मिळवता येतो, इथं दरपत्रकात जो वाटा लिहिला आहे तो पुरताच द्यावा लागतो. तरबेज खेळाडू आणि काल खेळ शिकलेला माणूस, दोघांचं या वर्तुळातलं नुकसान सारखंच असतं.

दुसरं कारण त्या दरपत्रकातच आहे. मिश्र जोडी तिघांत सर्वांत जास्त वेळा येते, त्यामुळे तिच्या दरात एकाचाही फरक पडला की सगळं चित्र पालटतं. सहाऐवजी पाचपट दिली तर शंभरामागची तूट जवळपास दहा रुपयांवर जाते. सातपट दिली तर ती सव्वादोनवर येते, आणि आठपट दिली तर खेळाडूच फायद्यात जातो. खेळाडूचं लक्ष मात्र पंचवीस या मोठ्या आकड्याकडे असतं. खालच्या ओळीतला पाच की सहा हा फरक क्वचितच कोणी वाचतो, आणि पैज किती महाग आहे हे बरंचसं तिथंच ठरलेलं असतं.

कॅटांच्या संख्येचा परिणामही अनेकांच्या समजुतीच्या उलट आहे. मुख्य खेळात कॅट जितके कमी तितकं खेळाडूला बरं, असं जाणकार सांगतात आणि ते बरोबर आहे. तीच समजूत जोडपैजेला लावली तर मोठा फटका बसतो. एकाच कॅटात बदाम राणी एकच असते, तेव्हा परफेक्ट जोडी होणंच शक्य नाही, आणि वरच्याच दरानं शंभरामागे ४७ रुपये जातात. दोन कॅटांना तूट सुमारे २२ रुपये, चार कॅटांना दहाच्या थोडी वर, सहाला ६.११, आणि आठ कॅटांना ४.१०. एकाच टेबलावर मुख्य पैज स्वस्त आणि जोडपैज अतिशय महाग असू शकते.

इतकं नुकसान होऊनही ते जाणवत का नाही? सत्तर डावांच्या तासात सरासरी पाच जोड्या लागतात. पूर्ण तासात एकही जोडी न लागण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक खेळाडू तासाभरात कधीतरी जिंकतोच. समजा, एका तासात एक परफेक्ट, एक रंगजोडी आणि तीन मिश्र जोड्या लागल्या. मिळाले साडेपाच हजार, उरलेल्या ६५ पैजांत गेले साडेसहा हजार, तोटा हजाराचा. दुसऱ्या तासात दोन परफेक्ट, एक रंगजोडी आणि दोन मिश्र लागल्या तर ७,४०० मिळून नऊशेचा फायदा झाला. जोड्या दोन्ही तासांत पाचच होत्या. एका जादा परफेक्ट जोडीनं निकाल फिरवला. तासाभराच्या निकालातला हा चढउतार सरासरी तोट्याच्या सात-आठपट मोठा असतो, म्हणून दर डावाला कापले जाणारे सहा रुपये त्यात दिसतच नाहीत. एका संध्याकाळच्या अनुभवावरून ही पैज चांगली की वाईट ते ठरवणं शक्य नाही. ते आकडेमोडीनंच कळतं.

ब्लॅकजॅकमधली जुनी जोडपैज म्हणजे ‘इन्शुरन्स’. तिचंही असंच आहे. डीलरचं उघडं पान एक्का असेल तर त्याचं झाकलेलं पान दहाच्या किमतीचं निघेल, यावर ही पैज लागते आणि दुप्पट मिळतात. सहा कॅटांत, फक्त तो एक्का दिसत असताना, ३११ पानांत अशी पानं ९६ आणि बाकीची २१५. शंभराच्या हिशोबानं १९,२०० मिळतात आणि २१,५०० जातात, म्हणजे तूट सुमारे ७ रुपये ४० पैसे. नाव विम्याचं असलं तरी मुख्य पैजेला तिच्यामुळे कोणतंही संरक्षण मिळत नाही. ती स्वतंत्र पैज आहे, आणि महाग आहे. गेलेल्या पानांची अचूक मोजणी ठेवणाऱ्या थोड्या खेळाडूंना ती कधीकधी फायद्याची ठरते, इतरांना नाही.

परफेक्ट पेअर्सचा दर कोणत्याही टेबलावर तपासायला कागद-पेन्सिल पुरते. कॅट किती आहेत ते डीलरला विचारावं. त्या संख्येतून एक वजा केला की परफेक्ट जोडीची पानं, तीच संख्या म्हणजे रंगजोडीची पानं, तिची दुप्पट म्हणजे मिश्र जोडीची, आणि ४८ नं गुणली की हरवणारी. प्रत्येक जोडीच्या पानांना तिच्या दरानं गुणून बेरीज करावी, हरवणाऱ्या पानांतून ती वजा करावी, आणि जे उरेल त्याला उरलेल्या एकूण पानांनी भागावं. आठ कॅट असतील तर ही पानं ७, ८, १६ आणि ३८४, एकूण ४१५. उत्तर शंभरानं गुणलं की शंभर रुपयांमागे काय जातं ते कळतं. ते उत्तर मुख्य खेळाच्या अर्ध्या टक्क्याशेजारी ठेवून पाहावं. या पैजेत खेळाडूच्या हाती एकच निर्णय असतो, ती लावायची की नाही, आणि तो पानं वाटली जाण्याआधीच घ्यावा लागतो.