तोतया झाडे

व्हिडिओ गेममधल्या जंगलात लांबवर दिसणारी झाडे बहुधा झाडे नसतातच. ती उभ्या पाटीवर लावलेली झाडांची चित्रे असतात. जवळच्या एका झाडाचे खोड, फांद्या आणि पाने रेखाटायला हजारो त्रिकोण लागतात. तेच झाड पडद्यावर नखाएवढे झाले, की त्यातले बरेच त्रिकोण एका ठिपक्याहूनही, म्हणजे पिक्सेलहूनही, लहान होतात आणि त्यांच्यावरची मेहनत फुकट जाते. म्हणून ठरावीक अंतरापलीकडे दोन त्रिकोणांची एक चौकट उभी करून तिच्यावर झाडाचे चित्र लावतात. पॉलो मासिएल आणि पीटर शर्ली यांच्या १९९५ च्या निबंधापासून अशा सोंगाला ‘इम्पोस्टर’ हे नाव रुळले. मराठीत त्याला ‘तोतया’ म्हणता येईल.

एकच चित्र लावले तर तोतया लगेच पकडला जातो. खेळाडू झाडाभोवती फिरतो, पण झाड मात्र सूर्यफुलासारखे सतत त्याच्याकडेच तोंड करून राहते. १९९३ च्या ‘डूम’ या खेळात राक्षसांची आठ दिशांनी चित्रे काढलेली होती. पण आठ चित्रे म्हणजे दर ४५ अंशांना एक झटका. शिवाय ‘फोर्टनाइट’सारख्या खेळात खेळाडू आकाशातून उतरतो, त्यामुळे झाड वरूनही पटावे लागते.

एपिक गेम्सचे रायन ब्रुक्स यांनी २०१८ मध्ये सविस्तर मांडलेली पद्धत इथे कामी येते. झाडावर अर्धगोल घुमट पालथा घातला आहे अशी कल्पना करायची आणि त्या घुमटावरच्या अनेक बिंदूंवरून झाडाची चित्रे आधीच काढून ठेवायची. घुमट सपाट उलगडून त्याचा चौरस करतात. चौरसाचा मध्य म्हणजे माथा आणि कडा म्हणजे क्षितिज. समजा, २०४८ पिक्सेलच्या चौरसात १२ बाय १२ अशी १४४ चित्रे बसवली. कडेवर त्यातली ४४ येतात, म्हणजे जमिनीवरून चालणाऱ्याला सरासरी दर आठ अंशांना नवे चित्र मिळते.

आठ अंशांची उडीसुद्धा डोळ्याला कळते. त्यामुळे नजरेच्या दिशेला सर्वांत जवळची तीन चित्रे घेऊन, जे जितके जवळ तितका त्याचा वाटा मोठा, अशा प्रमाणात ती मिसळतात. नुसते मिसळले तर एका फांदीच्या दोन पुसट फांद्या दिसतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या रंगाबरोबर त्याची खोलीही साठवणे. पुढे आलेली फांदी किती सरकवायची आणि मागची किती, हे त्या खोलीवरून ठरते. मग तिन्ही चित्रे बऱ्याच अंशी एकमेकांवर बसतात.

खरी कसोटी अदलाबदलीच्या क्षणी लागते. वरच्या उदाहरणात एका चित्राच्या वाट्याला सुमारे १७० पिक्सेल येतात. उंचीला १०८० पिक्सेल असलेल्या पडद्यावर, ६० अंशांच्या उभ्या दृष्टिकोनात, दहा मीटरचे झाड सुमारे ५५ मीटरवर तेवढेच उंच दिसते. त्याच्या अलीकडे तोतया आणला तर तो धुरकट दिसणार. त्यामुळे बदल ५५ च्या पुढेच करायचा. तरीही झाड एका चौकटीत नाहीसे होऊन पुढच्या चौकटीत त्याचे चित्र आले, तर नजर तिकडे खेचली जाते. यालाच ‘पॉपिंग’ म्हणतात.

ते लपवण्यासाठी पारदर्शकतेऐवजी ठिपक्यांची जाळी वापरणे सोयीचे ठरते; पारदर्शक पाने मागून पुढे क्रमाने रेखाटावी लागतात आणि ते महागात पडते. चार बाय चारच्या जाळीतले सोळा ठिपके खऱ्या झाडातून एकेक गळत जातात आणि नेमके तेच तोतयात भरत जातात. दोन्ही जाळ्या परस्परपूरक नसल्या, तर झाडातून क्षणभर आकाश डोकावते. हा बदल अंतराशी न बांधता अर्ध्या सेकंदासारख्या ठरलेल्या वेळात पुरा करणे बरे. नाहीतर खेळाडू मधल्या पट्ट्यात थांबला, तर झाड अर्धवट जाळीदारच राहते. तोतया येण्याचे अंतर ६५ मीटर आणि झाड परतण्याचे ६० मीटर ठेवले, की सीमेवर घुटमळणाऱ्यासमोर झाड लुकलुकत नाही.

एवढे करूनही झटका जाणवला, तर दोष बहुधा बदलाच्या रीतीत नसून दोन रूपांतल्या फरकात असतो. चित्रात ऊन-सावली गोठवलेली असेल, तर सूर्य कलताच तोतया उजळ किंवा काळा पडतो; म्हणून मूळ रंग आणि पृष्ठभागाची दिशा वेगवेगळी साठवून प्रकाश ऐनवेळी मोजतात. चित्र लहान होताना पानांच्या कडा विरळ होतात आणि झाड अचानक रोडावते. त्यासाठी प्रत्येक लहान आवृत्तीत पानांनी झाकलेले क्षेत्र मूळ चित्राइतकेच राखावे लागते. वाऱ्याने डोलणारे झाड स्तब्ध चित्रात बदलते तेव्हाही डोळा फसत नाही. म्हणून बदलाच्या आधीच्या दहा-पंधरा मीटरांत डोलणे हळूहळू शून्यावर आणतात. दाट राईत एवढे पुरते. उघड्या माळावर, मोकळ्या आकाशासमोर उभ्या एकट्या झाडाची कड मात्र स्पष्ट दिसत राहते. तिथे तोतया आणखी लांबवरच उभा करावा लागतो.