मेंबरशिप फ्रीज होते, हप्ता नाही

जानेवारीत जिमच्या काउंटरवर वार्षिक ऑफर घेताना बहुतेकांचं लक्ष एकाच आकड्यावर असतं. 'महिन्याला घ्याल तर तीन हजार, वर्षाचे घ्याल तर अठरा हजार.' फ्रीज, ट्रान्सफर, गेस्ट पास हे शब्द सेल्सवाला भराभर म्हणून जातो आणि समोरचा माणूस सही करतो. त्या शब्दांची खरी किंमत कळायला जून-जुलै उजाडतो.

समजा, कोथरूडमधल्या एका नोकरदार बाईंनी १ जानेवारीपासून अठरा हजारांची वार्षिक मेंबरशिप घेतली. करारात तीस दिवसांचं फ्रीज आहे. जूनमध्ये त्यांना ताप आला आणि दहा दिवस जिम बुडली. बरं वाटल्यावर त्यांनी ते दिवस वाढवून मागितले, तर उत्तर मिळालं, 'मॅडम, आधी कळवायला हवं होतं.' पुष्कळ करारांत फ्रीज मागच्या तारखेपासून मिळत नाही, शिवाय एका वेळी किमान सात किंवा पंधरा दिवसांचं घ्यावं लागतं. म्हणजे ठरवून केलेल्या गावाला जाण्यासाठी ते उपयोगी पडतं. आजारपण मात्र सांगून येत नाही, आणि नेमकं तिथंच ते कमी पडतं. काही जिम डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर सवलत देतात, पण तसं करारात लिहिलेलं असेल तरच त्यावर भिस्त ठेवावी.

जुलैत बाईंनी रीतसर अर्ज देऊन १ ते ३० तारखेपर्यंत फ्रीज घेतलं. मुदत ३१ डिसेंबरवरून ३० जानेवारीवर गेली. फ्रीजमध्ये पैसे परत मिळत नाहीत, फक्त शेवटची तारीख पुढे सरकते. फी हप्त्यांवर भरली असेल तर हे आणखी झोंबतं. हप्ता बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा असतो, जिमचा नव्हे. जिमला पूर्ण रक्कम आधीच मिळालेली असते, त्यामुळे फ्रीजच्या महिन्यातही खात्यातून पैसे कापले जातात. आणखी एक बारकी गोष्ट: काही ठिकाणी फ्रीजच्या काळात एकदा जरी पंच केलं, तरी सिस्टीम मेंबरशिप पुन्हा चालू करते. लॉकरमधले बूट घ्यायला जाणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाईंची बदली नाशिकला झाली. १ ऑक्टोबर ते ३० जानेवारी, म्हणजे १२२ दिवस उरले. रोजचे साधारण एकोणपन्नास रुपये धरले तर उरलेल्या मुदतीची किंमत सहा हजार होते. ती मैत्रिणीच्या नावावर करायची, तर ट्रान्सफर फी दोन हजार. मैत्रीण एकूण सहा हजार द्यायला तयार असेल, तर बाईंच्या हाती चार हजार पडतात. त्यातही अटी असतात. घेणारी व्यक्ती आधी त्या जिमची मेंबर नसावी, ट्रान्सफर एकदाच करता येईल, ठरावीक दिवस शिल्लक हवेत. पर्सनल ट्रेनरची उरलेली सेशन्स बहुधा सोबत जात नाहीत. 'नवी मेंबर हवी' ही अट जिमच्या दृष्टीनं समजण्यासारखी आहे. जुन्या मेंबरांनी एकमेकांच्या उरलेल्या मुदती घेतल्या, तर नूतनीकरण कोण करणार?

मेंबरशिप ऑफ-पीक असेल, तर गिऱ्हाईक मिळणंच अवघड. ट्रेडमिल तेवढीच, पण सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ सगळे एकदम येतात. म्हणून दुपारच्या वेळेची मेंबरशिप स्वस्त विकतात. घरून काम करणाऱ्याला किंवा निवृत्त माणसाला तो उत्तम सौदा आहे. ऑफिसला जाणाऱ्याच्या मात्र तो काही कामाचा नाही, आणि ट्रान्सफर करताना वेळेची अटही बहुधा सोबतच जाते. ऑफ-पीकमधून पूर्ण वेळेत जायला किती फरक भरावा लागेल, हे सहीआधीच लिहून घ्यावं.

गेस्ट पासचं फार काही नाही. पाहुण्याला फॉर्मवर फोन नंबर लिहावा लागतो, आणि मग ऑफरचे फोन त्याला येऊ लागतात. पीक अवरला पास चालत नाही, हे मात्र कित्येकदा दारात गेल्यावर कळतं.

तोंडी आश्वासन सिद्ध करता येत नाही. 'फ्रीज कधीही मिळेल' असं सेल्सवाला म्हणाला, तर तेच त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं आणि फ्रीज मंजूर झाल्यावर नव्या शेवटच्या तारखेचा स्क्रीनशॉट ठेवावा. लिहून दिलेलं जिमनं पाळलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथं भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथं फी लागत नाही.