स्पॅनिशमधली ‘लॉटरी लागली तर’

दरवर्षी २२ डिसेंबरला स्पेनमध्ये नाताळची मोठी लॉटरी फुटते. सान इल्देफोन्सो शाळेची मुले आकडे गाऊन सांगतात, सारा देश ‘एल गोर्दो’, म्हणजे पहिले बक्षीस, कोणाला लागते याकडे कान लावून असतो. तिकीट घेतलेला माणूस म्हणतो, ‘लॉटरी लागली तर नोकरी सोडीन.’ मराठीत हे एकच वाक्य खऱ्या आशेलाही चालते आणि नुसत्या मनोराज्यालाही. फार तर आपण आधी ‘समजा’ लावतो. स्पॅनिशमध्ये मात्र बोलणाऱ्याला आधीच ठरवावे लागते.

लागण्याची शक्यता तो खरी धरत असेल तर म्हणेल : ‘सि मे तोका ला लोतेरिया, देहारे एल त्राबाहो.’ ‘सि’ म्हणजे जर. पुढे साधा वर्तमानकाळ आणि मग भविष्यकाळ. पण कुठली लागतेय, असे मनात असेल तर दोन्ही क्रियापदे बदलतात : ‘सि मे तोकारा ला लोतेरिया, देहारिया एल त्राबाहो.’ इथे ‘तोकारा’ हे इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह आणि ‘देहारिया’ हे कंडिशनल.

ही रूपे दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात, हे कळले की घोळ कमी होतो. पहिल्यासाठी भूतकाळातले ‘ते’चे रूप घ्यायचे : ‘तोकारोन’. शेवटचे ‘रोन’ काढून ‘रा’ लावले की ‘तोकारा’. क्रियापद अनियमित असले तरी रीत हीच; ‘तेनेर’चे (जवळ असणे) ‘तुव्येरोन’ होते, म्हणून ‘तुव्येरा’. कंडिशनलसाठी मूळ क्रियापदालाच ‘इया’ जोडायचे : ‘देहार’, ‘देहारिया’. थोडी क्रियापदे इथे अंग बदलतात. ‘तेनेर’चे ‘तेंद्रिया’ होते. ‘तोकारा’ म्हणताना जोर ‘का’वर हवा. तो शेवटच्या अक्षरावर गेला तर भविष्यकाळ होतो.

मराठी माणसाचा पाय नेमका कुठे घसरतो? ‘पैसे असते तर घर घेतले असते’ यात आपण दोन्हीकडे ‘असते’च वापरतो. त्या सवयीने स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे ‘इया’ लागते : ‘सि तेंद्रिया दिनेरो, कोम्प्रारिया उना कासा.’ उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रदेश, नाव्हारा आणि बुर्गोसकडे, स्थानिक लोकही ‘सि तेंद्रिया’ म्हणतात; मात्र प्रमाण भाषेत ते चूकच धरले जाते. बरोबर वाक्य : ‘सि तुव्येरा दिनेरो, कोम्प्रारिया उना कासा.’ आपल्या वाक्यातून ‘तेव्हा घेतले असते’ असाही अर्थ निघतो. त्या गेलेल्या संधीसाठी स्पॅनिशमध्ये वेगळी जोडी आहे : ‘उब्येरा तेनिदो’ आणि ‘आब्रिया कोम्प्रादो’.

वाक्याचे तुकडे उलटे मांडले तरी नियम तोच. ‘रा’ नेहमी ‘सि’च्या तुकड्यात राहतो. म्हणून आपले वाक्य तपासताना ‘सि’ शोधावे आणि त्याच तुकड्यात ‘इया’ दिसले तर थांबावे. अपवाद एकच, ‘सि’चा अर्थ ‘की नाही’ असा असतो तेव्हा. ‘नो से सि व्हेंद्रिया’, म्हणजे तो येईल की नाही ठाऊक नाही. इथे अट नसल्याने ‘इया’ बरोबर आहे.